नंबर विसरणारा पंप कंट्रोलर: लाइट जाताना फ्लॅशमध्ये लिहिण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शेतीपंपासाठी मोबाइलवरून चालणारा कंट्रोलर बनवणारी एक छोटी कंपनी. स्टार्टरशेजारी बसणारी पत्र्याची पेटी, आत सिमकार्ड असलेला मोडेम, तीन फेजची तपासणी, मोटरच्या करंटचं मोजमाप आणि दोन रिले. शेतकरी एसएमएस करतो किंवा मिस्ड कॉल देतो, मोटर चालू होते. लाइट आली की ठरावीक वेळाने आपोआप चालू होण्याचीही सोय आहे. रात्रपाळीच्या फीडरवर ती नसेल तर पेटी कोणी घेतच नाही.

मेंदू म्हणून STM32F103C8 ही चिप. ६४ किलोबाइट फ्लॅश, १ किलोबाइटची ६४ पेजेस. या चिपमध्ये सेटिंग्जसाठीची वेगळी मेमरी, ईईप्रॉम, नसते, त्यामुळे सेटिंग्ज प्रोग्रामच्याच फ्लॅशमध्ये ठेवाव्या लागतात. आणि फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागी नवं लिहायचं तर आधी अख्खं पेज पुसावं लागतं. कंपनीने त्यासाठी शेवटचं पेज, 0x0800FC00 पासूनचं, राखून ठेवलं होतं. त्यात अधिकृत मोबाइल नंबर, ओव्हरलोड आणि ड्राय रनची करंट मर्यादा, टायमर, मोटर एकूण किती मिनिटं चालली त्याचा आकडा आणि मोटर शेवटची का बंद पडली त्याचं कारण असा सगळा ऐवज एकाच स्ट्रक्चरमध्ये होता.

समस्या

दुसऱ्या वर्षीच्या रब्बीत तक्रारी सुरू झाल्या. भाषा जवळपास एकच: "साहेब, मशीन नंबर विसरतंय." मिस्ड कॉल दिला तर पेटी ओळख दाखवत नाही. डीलर जाऊन नंबर पुन्हा भरतो, महिनाभर चालतं, पुन्हा तेच. कंपनीने आधी मोडेम बदलले, मग सिमकार्डांना दोष दिला.

प्रकरण गंभीर झालं ते एका जळालेल्या मोटरमुळे. ५ एचपीची मोटर, पूर्ण लोडला साधारण साडेसात अँपिअर घेणारी. डीलरने ओव्हरलोड ९ वर लावला होता. सेटिंग्ज पुसल्या गेल्यावर फर्मवेअरने मूळ किंमत उचलली आणि ती होती १५ अँपिअर. पंपात गाळ अडकला, मोटर ओढत राहिली, कंट्रोलर शांत बसला, वायंडिंग गेलं. त्या आठवड्यात मला बोलावणं आलं.

परत आलेल्या पेट्यांमधलं ते पेज आम्ही एसटी-लिंक लावून बाहेर काढलं. तीन प्रकार दिसले. बहुतेकांत सगळं 0xFF, म्हणजे पेज पुसलं गेलं पण नवं लिहिलंच गेलं नाही. काहींत सुरुवातीचे नंबर ठीक आणि पुढे सगळं कोरं. तिसरा प्रकार मला अपेक्षित नव्हता: दोन बोर्डांत तेच पेज लागोपाठ दोनदा वाचलं तर काही बाइट वेगळे येत होते. पुसण्याचं काम मध्येच तुटलं की काही सेल 'पुसलेला' आणि 'लिहिलेला' यांच्या सीमेवर अडकतात. आज ते १ वाचतात, उद्या गार सकाळी ०. ही गोष्ट पुढे दोनदा आडवी आली.

आधीचं फर्मवेअर काय करत होतं

कोड वाचायला अर्धा तास पुरला. `save_config()` नावाचं एकच फंक्शन. ते पेज पुसायचं आणि अख्खं स्ट्रक्चर पुन्हा लिहायचं. पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या काळात सेटिंग्जची एकही प्रत कुठेही नसते. रॅममध्ये असते, पण लाइट गेल्यावर तिचा उपयोग काय!

हे फंक्शन तीन ठिकाणांहून बोलावलं जात होतं. एक, शेतकऱ्याने सेटिंग बदलली की. दोन, मोटर चालू असताना दर मिनिटाला, मिनिटांचा आकडा वाढवायला. आणि तीन, फेज गेल्याचं कळलं की, बंद पडण्याचं कारण नोंदवायला.

दुसऱ्याचा हिशेब सरळ आहे. दिवसाला ८ तास पुरवठा धरला तर ४८० वेळा पुसणं. या चिपच्या डेटाशीटमध्ये प्रत्येक पेजसाठी हमी आहे १०,००० वेळांची. म्हणजे हमी २१ दिवसांत संपली. प्रत्यक्षात चिप त्याहून बरीच जास्त टिकते, म्हणूनच हे दुसऱ्या वर्षापर्यंत लपून राहिलं. पण झिजलेलं पेज पुसायला जास्त वेळ घेतं आणि त्यात लिहिलेलं टिकतंही कमी.

खरी गंमत तिसऱ्यात होती. फीडर बंद झाला की तिन्ही फेज एकदम जातात. फर्मवेअर दोन सायकल वाट पाहून खात्री करायचं, ५० हर्ट्झला ते झाले ४० मिलिसेकंद. मग रिले सोडायचा आणि पेज पुसायला घ्यायचं. ज्या क्षणी बोर्डाचा स्वतःचा पुरवठा मरतोय, नेमक्या त्याच क्षणी सगळ्यात लांबलचक आणि सगळ्यात नाजूक काम.

ऑसिलोस्कोप लावून मोजलं. नव्या बोर्डावर मोडेम शांत असेल तर मेन्स गेल्यापासून चिपचा पुरवठा २.४ व्होल्टवर येईपर्यंत साधारण ९० मिलिसेकंद मिळत. मोडेम नेटवर्कशी बोलत असेल तर तो २ अँपिअरपर्यंतचे झटके घेतो, मग मिळत ५५. ओळखायला ४०, पुसायला आमच्या मोजणीत २५, लिहायला ४, एकूण ६९. म्हणजे मोडेम शांत तर काम निभावतं, बोलत असेल तर नाही. आणि दोन उन्हाळे पत्र्याच्या पेटीत काढलेल्या बोर्डावर, कॅपॅसिटर सुकल्यावर, शांत मोडेमलाही ७०च मिळत होते. म्हणूनच पहिल्या वर्षी तुरळक तक्रारी आणि दुसऱ्या वर्षी रांग.

जाता जाता एक जुनं कोडं सुटलं. "कधीकधी एसएमएस पोचतो पण मोटर ऐकत नाही" ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. या चिपमध्ये फ्लॅश पुसली जात असताना त्याच फ्लॅशमधून सूचना वाचता येत नाहीत, प्रोसेसर थबकतो. मोडेम ९६०० बॉडवर बोलत होता. २५ मिलिसेकंदांत सुमारे २४ अक्षरं येतात आणि इंटरप्टने एकेक उचलणारा कोड झोपलेला, म्हणजे एसएमएसची अर्धी ओळ गायब. दर मिनिटाला एकदा.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना कंपनीच्या हार्डवेअरवाल्याची: कॅपॅसिटर मोठा करू. नव्या बोर्डांसाठी वाईट नाही, पण शेतात लागलेल्या पेट्यांचं काय? आणि तोही तीन उन्हाळ्यांनी सुकणारच. कॅपॅसिटरने धोक्याची शक्यता कमी होते, धोका जात नाही.

दुसरी सूचना पीव्हीडीची. या चिपमध्ये पुरवठा ठरलेल्या पातळीखाली गेला की इंटरप्ट देणारा भाग आहे, सर्वात वरची पातळी २.९ व्होल्ट. "तो इंटरप्ट आला की लिहिणं थांबवू," असं फर्मवेअर लिहिणारा मुलगा म्हणाला. कागदावर छान वाटतं. पण पुसणं चालू असताना इंटरप्टचा कोडही फ्लॅशमध्येच बसलेला असतो, तो धावणार कसा? कोड रॅममध्ये हलवला तरी अर्धवट पुसलेलं पेज थांबवून पूर्ववत होत नाही. पीव्हीडी आम्ही ठेवला, पण लिहायला सुरुवात करण्याआधी 'पुरवठा ठीक आहे ना' एवढं विचारण्यापुरता.

तिसरा पर्याय बाहेरची एफरॅम, लाइट गेली तरी मजकूर टिकवणारी वेगळी मेमरी. FM24CL64B सारखी ८ किलोबाइटची चिप १०० लाख कोटी वेळा लिहू देते आणि पुसण्याची भानगडच नाही. पुढच्या बोर्डासाठी मी तिच्या बाजूने होतो. मालकांनी भाव विचारला आणि विषय तिथेच थांबला.

चौथा, चिप बनवणाऱ्यांचाच ईईप्रॉम एम्युलेशनचा तयार कोड. दोन पेजेस, प्रत्येक नोंद १६ बिटांचा आभासी पत्ता आणि १६ बिटांची किंमत. नवी किंमत आली की पुढच्या रिकाम्या जागेत, पेज भरलं की ताज्या किमती दुसऱ्या पेजवर. पद्धत चोख आहे, पण आमच्या कामाला तिचा एक पैलू अडचणीचा होता: प्रत्येक १६ बिट स्वतंत्रपणे सुरक्षित असतात. दहा अंकी मोबाइल नंबर पाच तुकड्यांत जातो. मध्येच लाइट गेली तर तीन तुकडे नव्या नंबरचे, दोन जुन्याचे, आणि तयार होतो तिसऱ्याच कुणाचा नंबर. प्रत्येक तुकडा 'वैध'. म्हणून त्यातली दोन पेजांची कल्पना घेतली आणि नोंद मात्र अख्ख्या सेटिंगची ठेवायचं ठरवलं.

पहिला निर्णय: काय लिहायचंच नाही

आमची गाडी बराच वेळ 'कसं लिहायचं' यावर अडली होती. सुटका झाली ती बोर्डाकडे पुन्हा पाहिल्यावर. टायमरसाठी बोर्डावर घड्याळ होतं आणि त्याला जिवंत ठेवणारा CR2032 सेल चिपच्या व्हीबॅट पिनला जोडलेला होता. त्याच सेलवर चिपमधली १० बॅकअप रजिस्टरं जगतात, प्रत्येकी १६ बिटांची. त्यांत लिहायला काही क्लॉक पुरतात, झीज नाही, पुसणं नाही.

मग मिनिटांचा आकडा आणि बंद पडण्याचं कारण या दोन्ही गोष्टी तिथे हलवल्या. लाइट जाताना आता फ्लॅशला हातच लागत नाही. मिनिटांचा आकडा तासातून एकदा फ्लॅशच्या वेगळ्या दोन पेजांत जातो, तोही पुरवठा ठीक असताना. सेल संपला तर जास्तीत जास्त तासाभराची नोंद बुडते, आणि ते चालण्यासारखं आहे. एवढी एक काळजी घेतली की टँपर पिनची सोय बंदच राहील, कारण ती पेटली तर ही रजिस्टरं साफ होतात.

मिनिटांच्या नोंदींना अनुक्रमांकही लागला नाही. आकडा फक्त वाढतो, तेव्हा वैध नोंदींतली सगळ्यात मोठी तीच ताजी. मोटर बदलल्यावर आकडा शून्य करायचा असेल तर जुना आकडा वजाबाकीसाठी सेटिंगमध्ये ठेवायचा.

दुसरा निर्णय: नोंद कशी लिहायची

सेटिंग्जसाठी दोन पेजेस, प्रत्येकात १२८ बाइटचे आठ कप्पे. पहिल्या कप्प्यातले सुरुवातीचे काही बाइट पेजच्या खुणेसाठी बाजूला काढले. प्रत्येक नोंदीत क्रमाने ओळखखूण, ३२ बिटांचा अनुक्रमांक, लांबी, सेटिंग्ज, सीआरसी आणि सगळ्यात शेवटी पक्केपणाची छाप. सीआरसी म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, मजकूर बिघडला की ती जुळत नाही. बदल झाला की नवी नोंद पुढच्या कप्प्यात. जुनी जिथल्या तिथे. बोर्ड चालू होताना सीआरसी जुळणाऱ्या नोंदींतली सर्वात मोठ्या अनुक्रमांकाची उचलायची. अर्धवट कप्पा सापडला तर तो सोडून द्यायचा, त्यावर पुन्हा लिहायचं नाही. तसंही ही चिप कोऱ्या नसलेल्या जागी 0x0000 सोडून दुसरं काही लिहू देत नाही, PGERR ही एरर दाखवते.

एक नोंद म्हणजे १६ बिटांचे ६४ तुकडे, प्रत्येकी जास्तीत जास्त ७० मायक्रोसेकंद, म्हणजे साडेचार मिलिसेकंदांच्या आत काम संपतं. वाईटातल्या वाईट बोर्डावरही हे निभावतं. झिजेचा हिशेबही बदलला: सोळा बदलांमागे प्रत्येक पेज एकदाच पुसलं जातं, म्हणजे १०,००० च्या हमीत १,६०,००० बदल. शेतकरी नंबर बदलून बदलून किती बदलणार?

पुसण्याचं काम लिहिण्यापासून तोडलं. चालू पेजमध्ये दोन पक्क्या नोंदी झाल्या आणि तिन्ही फेज पाच मिनिटं सलग ठीक असल्या की दुसरं पेज आधीच पुसून ठेवायचं. पुसल्यावर त्याच्या डोक्यावर 'तयार' अशी खूण लिहायची. ही खूण का? तिसऱ्या प्रकारचे ते दोन बोर्ड आठवा. पुसणं मध्येच तुटलेलं पेज कोरं दिसू शकतं, पण त्यावर भरवसा नाही. खूण नसेल तर पेज कोरं दिसो वा न दिसो, पुन्हा पुसायचं.

जागा निवडताना एक चूक थोडक्यात टळली. शेवटची चार पेजेस घ्यायची म्हणून कोड लिहूनही झाला होता, आणि त्यांतलं शेवटचं म्हणजे तेच दोन वर्षं झिजलेलं पेज. मग 0x0800EC00 ते 0x0800FBFF ही चार पेजेस घेतली आणि जुनं पेज फक्त वाचण्यासाठी ठेवलं, अपडेटनंतर पहिल्यांदा चालू होताना जुन्या सेटिंग्ज उचलायला.

तपासणी आणि तिच्यातून निघालेली चूक

आधी आम्ही रिलेने बोर्डाचा पुरवठा दर चार सेकंदांनी तोडायचो, वेळ वाटेल ती. दिवसाला २१,६०० वेळा. दोन दिवसांत एकही चूक नाही, आणि मला त्याचाच संशय आला. चार सेकंदांत लिहिण्याची खिडकी चार मिलिसेकंदांची, म्हणजे हजारात एखादाच घाव तिच्यात पडणार. मग लिहायला सुरुवात होताना एक पिन वर करायची आणि तिच्यावरून ठरावीक उशिराने मॉसफेटने चिपचा पुरवठाच थेट जमिनीला ओढायचा असं केलं. उशीर शून्यापासून ५० मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवत नेला.

पहिल्याच रात्री विचित्र नोंद मिळाली. चालू झाल्यावर बोर्डाने अनुक्रमांक ९ ची सेटिंग वैध म्हणून उचलली. तीन-चार वेळा बंद-चालू झाल्यावर तोच बोर्ड ८ ची सेटिंग दाखवू लागला. मध्ये कुणी काही लिहिलं नव्हतं. घाव पडला होता सीआरसीचा शेवटचा तुकडा लिहिला जात असताना. तो सेल अर्धवट भरलेला, कधी बरोबर वाचायचा, कधी चूक. म्हणजे सीआरसी जुळणं हे नोंद पक्की असल्याचं प्रमाण नाही, या क्षणी ती बरोबर वाचली गेली एवढंच.

पक्केपणाची छाप यातूनच आली. सुरुवातीच्या आराखड्यात ती नव्हती. नोंद पूर्ण लिहून, परत वाचून जुळल्यावरच 0x0000 ही छाप मारायची. चालू होताना:

```c
rec_t *n = newest_valid();     /* magic, len, crc */
if (n && n->commit != 0x0000)
    append_copy(n);            /* seq + 1, पुढच्या कप्प्यात */
```

सीआरसी जुळतो पण छाप नाही, तर त्या नोंदीवर विसंबायचं नाही, तिची ताजी प्रत काढायची. छापच अर्धवट राहिली तर? तर आतला मजकूर पक्का असतो. छाप दिसो वा न दिसो, हाती लागते तीच सेटिंग, फार तर एक प्रत जास्त निघते. हा बदल केल्यावर खिडकीतले सगळे घाव दोन आठवडे झेलले आणि मागे सरकलेली सेटिंग पुन्हा दिसली नाही.

तिसरा निर्णय: काहीच सापडलं नाही तर

यावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तो तांत्रिक नव्हता. माझं म्हणणं, सेटिंग्ज सापडल्या नाहीत तर मोटर चालूच होऊ द्यायची नाही. विक्री बघणारे चिडले: "मोटर बंद राहिली तर उभं पीक वाळेल, तेव्हा शेतकरी तुम्हाला नाही, आम्हाला फोन करतो." त्यांचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की आपोआप चालू होणं आणि मोबाइलवरून चालू होणं बंद, पेटीवरचं हिरवं बटण मात्र चालेल आणि लाल दिवा लुकलुकत राहील. माणूस समोर उभा असेल तर मोटरचा आवाज त्याला कळतो. १५ अँपिअरची मूळ किंमत काढून टाकली. ओव्हरलोडचं मुख्य काम तसंही स्टार्टरमधल्या रिलेचं आहे, पण अनेक ठिकाणी तो पिळून टोकाला नेलेला असतो हे डीलरांनीच सांगितलं.

परिणाम

अपडेट डीलरांमार्फत, पेटीपाशी जाऊन करावं लागलं. काही पेट्यांत जुनं पेज आधीच कोरं झालं होतं, तिथे नंबर पुन्हा भरावे लागले. त्यानंतरच्या खरीप आणि रब्बीत नंबर विसरल्याची म्हणून एक पेटी परत आली. पेज वाचलं तर सेटिंग्ज शाबूत. शेतकऱ्याच्या मुलाने नवा नंबर घेतला होता आणि कळवायचं राहिलं होतं. एसएमएस गिळण्याच्या तक्रारी जवळपास थांबल्या. राहिलेल्या तक्रारी मोडेमची अक्षरं घेणारं यूएआरटी डीएमएवर नेल्यावर गेल्या, कारण प्रोसेसर थबकला तरी डीएमए अक्षरं रॅममध्ये ठेवत राहतो.

वेगळं काय करता आलं असतं

फेज गेल्याचं कारण फ्लॅशमध्ये लिहिणारी ती एक ओळ कोड तपासताना कुणी 'हे कधी चालतं?' असं विचारलं असतं तरी सापडली असती. 'काय लिहितो' हे सगळे वाचतात. माझ्याकडूनही उशीर झाला: छापेशिवायचा आराखडा मी पक्का म्हणून दिला होता, आणि तिसऱ्या प्रकारचे बोर्ड तेव्हा माझ्याच टेबलावर पडलेले होते. पुसताना अर्धवट राहणारे सेल लिहितानाही राहतील हे जोडायला मला मॉसफेटची ती रात्र लागली.

पुढच्या बोर्डात एफरॅम येणार आहे, मालकांना अखेर मोटरच्या भरपाईचा आकडा पटला. फर्मवेअर लिहिणाऱ्याने विचारलं, आता सीआरसी आणि दोन प्रती काढून टाकू का? नाही. एफरॅमला झीज नाही आणि पुसणं नाही, पण १२८ बाइट आयटूसीच्या तारांवरून तिच्यापर्यंत जायला वेळ लागतोच, आणि साठाव्या बाइटला लाइट गेली तर अर्धी नोंद नवी, अर्धी जुनी तिथेही होते. 'तयार' ही खूण आणि आधी पुसून ठेवण्याची धावपळ एवढंच काय ते कमी होईल.